कुटुंबासमोर घराची संकल्पना कशी मांडावी: स्केचेस, तीन पर्याय आणि खर्चाची पट्टी

कंपनीसाठी इमारत करताना शेवटचा शब्द कोणाचा हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कुटुंबाचं घर करताना टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं घर असतं आणि पैशाची थैली मात्र एकच असते. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले बरेच जण या बैठकीत सुंदर चित्रं घेऊन जातात, कौतुक ऐकून परततात, आणि दोन महिन्यांनी खर्चाचा अंदाज पुढे आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हा लेख त्या एकाच बैठकीबद्दल आहे. आपण संकल्पना पहिल्यांदा मांडतो, आणि कुटुंबाला निवड करता येईल इतकं सगळं त्यांच्या हातात देतो, ती ही बैठक.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची गरजांची यादी बजेटपेक्षा मोठी असते. ही तूट कशी भरून काढायची याची वेगवेगळी उत्तरं म्हणजे पर्याय. चित्र आणि खर्च एकाच वेळी, एकाच टेबलावर दिसले तरच ती निवड खरी होते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. आई-बाबा, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, आणि गुडघे दुखत असल्यामुळे जिना टाळणाऱ्या आजी. प्लॉट १५ मीटर × २४ मीटर. चारही बाजूंनी सोडायची जागा वजा केल्यावर बांधायला ११ × १८ मीटरचा चौकोन उरतो. कोणतंही चलन न घेता खर्च ‘भागां’मध्ये मोजतो: साध्या दुमजली बांधकामाचा एक चौरस मीटर म्हणजे १ भाग. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या ठिकाणचा चालू दर कंत्राटदाराकडून किंवा क्वांटिटी काढणाऱ्याकडून घ्या आणि त्या जागी भरा.

बैठकीपूर्वी हाताशी हवं ते

- कुटुंबाने लिहून दिलेली गरजांची यादी, त्यावर प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ
- सध्याच्या घरातल्या खोल्यांची मापं (ही त्यांच्याकडूनच मोजून घ्या)
- प्लॉटची मोजणी, उत्तर दिशा, सोडायच्या जागा आणि बांधकामाच्या मर्यादा
- तिन्ही पर्यायांचे प्लॅन एकाच स्केलमध्ये, आणि प्रत्येकाचा एकेक सेक्शन
- पुठ्ठ्याचं साधं मॉडेल, छप्पर आणि मजला सुटा निघेल असं
- खर्चाच्या कागदी पट्ट्या आणि चिठ्ठ्या (पाचव्या पायरीत सांगतो)
- कोरा ट्रेसिंग पेपर, रंगीत पेनं, मोजपट्टी, चिकटपट्टी

## १. आधी तूट मोजा

चित्र काढण्याआधी बेरीज करा. आपल्या कुटुंबाची यादी अशी आहे: बैठक आणि जेवणाची जागा ३२ चौरस मीटर, स्वयंपाकघर आणि साठवणीची खोली १६, आजींची खोली १४, आई-बाबांची १६, मुलांच्या दोन खोल्या प्रत्येकी १२, कामाची खोली ९, पाहुण्यांची खोली १२, आणि तीन बाथरूम प्रत्येकी साडेचार. एकूण १३६.५ चौरस मीटर.

ही झाली आतली, वापराची जागा. भिंतींची जाडी, येण्याजाण्याच्या वाटा आणि जिना धरून बांधकामाचं क्षेत्र याहून बरंच जास्त होतं. दुमजली घरात मी सुरुवातीला १.३५ ने गुणतो. म्हणजे सुमारे १८४ चौरस मीटर. नवखी मंडळी सगळ्यात जास्त इथेच फसतात. खोल्यांची बेरीज थेट दराने गुणली की घर एक चतुर्थांशाहूनही जास्त स्वस्त दिसतं, आणि तो आकडा एकदा कुटुंबाने ऐकला की पुसता येत नाही.

आता बजेट. समजा त्यांच्याकडे सगळं मिळून २०० भाग आहेत. त्यातले २० अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवायचे. फी, परवानग्या, कुंपण, पाणी आणि विजेची जोडणी, भिंतीत बसवायची कपाटं यासाठी ३०. बांधकामाला उरले १५०. यादी मागते १८४. तूट ३४ भागांची.

ही तूट बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी फोनवर सांगून टाका. ‘तुमच्या यादीला १८४ लागतात, आपल्याकडे १५० आहेत, हे अंतर भरायचे तीन मार्ग मी घेऊन येतो’ एवढं पुरे. बैठकीत पहिल्यांदाच तूट कळली तर पहिला तास धक्का पचवण्यात जातो आणि चित्रांकडे कोणाचं लक्ष राहत नाही. शिवाय आधी कळल्यावर घरात आपापसात जे बोलणं होतं ते तुमच्यासमोर कधीच होणार नाही, आणि त्या बोलण्याची गरज असते.

## २. पर्याय तीन, आणि प्रत्येकात तूट वेगळ्या जागी

तीन पर्याय पुरतात. दोन दिले की घरात दोन बाजू पडतात, चार-पाच दिले की लोक तुलना करणं सोडून बाहेरच्या रूपावर मत देऊ लागतात. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पर्याय एकमेकांपासून खरोखर वेगळे हवेत. जिना डावीकडे किंवा उजवीकडे, छप्पर सपाट किंवा उतरतं, हे एकाच घराचे तीन पोशाख झाले.

पहिला पर्याय: आटोपशीर दुमजली. इथे तूट जागेतून भरतो. पाहुण्यांची खोली नाही, बाथरूम दोन, मुलांच्या खोल्या १२ ऐवजी १०, बैठक ३२ ऐवजी २८. वापराची जागा ११२ होते, बांधकाम सुमारे १५०, खर्च १५०. आजींची खोली आणि एक बाथरूम खाली, बाकी सगळ्यांचं झोपणं वर.

दुसरा पर्याय: एकमजली, मधे अंगण. खोल्या पहिल्या पर्यायातल्याच, म्हणजे ११२. जिना नसल्यामुळे गुणक थोडा कमी, साधारण १.३, आणि बांधकाम १४६. मात्र दर जास्त. कारण उघड आहे: पहिल्या पर्यायात ७५ चौरस मीटरचा पाया आणि तेवढंच छप्पर, इथे दोन्ही जवळजवळ दुप्पट. मी दर १.१२ धरतो. १४६ × १.१२ म्हणजे १६४ भाग. बजेटच्या वर १४. ते भरायला कामाची वेगळी खोली काढावी लागते; ती काढली की १५१ वर येतो. काम करायचं टेबल मग अंगणाकडेच्या खिडकीशी, सगळ्यांच्या येण्याजाण्यात. बदल्यात आजी घरात कुठेही पायरी न चढता फिरतात आणि बहुतेक खोल्यांना दोन बाजूंनी उजेड मिळतो.

तिसरा पर्याय: आज थोडं, उरलेलं नंतर. इथे तूट काळातून भरतो. पाया आणि कॉलम पूर्ण घराचे, पण आज १३० चौरस मीटरच बांधायचे. दोन्ही मुलांना मिळून १४ चौरस मीटरची एक खोली. कामाची खोली, पाहुण्यांची खोली आणि दोन बाथरूम नंतर. जास्तीचा पाया, वर काढून ठेवलेल्या सळया, झाकून ठेवलेले पाइप यांचे ८ भाग धरले तर आजचा खर्च १३८. उरलेले ५४ चौरस मीटर पुढे बांधताना दर १.१५ तरी धरावा, कारण माणसं आणि साहित्य पुन्हा जमवावं लागतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडावं लागतं आणि खाली लोक राहत असतात. ते झाले ६२. मिळून २००. आज एकदमच सगळं बांधलं असतं तर १८४ लागले असते, म्हणजे थांबण्याची किंमत १६ भाग. ही किंमत कुटुंबाला स्पष्ट सांगा. ‘नंतर बघू’ म्हणणं फुकट असतं असा बहुतेकांचा समज असतो.

एक सापळा इथे आवर्जून सांगतो. आपला आवडता पर्याय उठून दिसावा म्हणून शेजारी मुद्दाम एक फिका पर्याय ठेवायची सवय काही जणांना असते. तसं करू नका. कुटुंब हमखास तोच निवडू शकतं, आणि मग मनाविरुद्ध दोन वर्षं तेच घर बांधावं लागतं. आपण स्वतः आनंदाने बांधू असे तीन पर्याय सुचेपर्यंत बैठक पुढे ढकललेली बरी.

## ३. स्केच हाताने, एका स्केलमध्ये, फर्निचरसकट

या टप्प्यावर फोटोसारखी दिसणारी कॉम्प्युटर चित्रं नेऊ नका. त्यात टाइल्स, रंग, सोफा सगळं ठरल्यासारखं दिसतं, आणि बोलणं आजींच्या खोलीऐवजी टाइल्सच्या रंगावर जातं. दुसरा तोटा असा की इतक्या पूर्ण दिसणाऱ्या चित्रावर बोट ठेवून ‘हे नको’ म्हणायला लोक संकोचतात. पेन्सिलीच्या रेषेवर कोणीही पेन चालवतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

प्लॅन १:१०० मध्ये काढा. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. आपला पूर्ण प्लॉट १५ × २४ सेंमीत बसतो, म्हणजे ए-३ कागदावर आरामात मावतो. मोठा फायदा हा की घरातली साधी मोजपट्टी लावून मुलगासुद्धा आपली खोली मोजू शकतो. स्केल काय ते समजावून सांगावंच लागत नाही.

तिन्ही पर्याय एकाच हाताने, एकाच जाडीच्या पेनाने, उत्तर एकाच दिशेला ठेवून काढा. एकाला रंग आणि झाडं, दुसऱ्याला नुसत्या रेषा असं झालं की निवड चित्राची होते. प्रत्येक खोलीत खऱ्या मापाचा पलंग, कपाट, टेबल दाखवा आणि दारं उघडलेली काढा. १० चौरस मीटरच्या खोलीत पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल बसवल्यावर दार कपाटाला लागतं का, हे रिकाम्या चौकोनातून कळत नाही.

प्लॅनच्या शेजारी कुटुंबाची सध्याची खोली त्याच स्केलमध्ये काढून ठेवा. ‘२८ चौरस मीटर’ ऐकून कोणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. पण आत्ताची बैठक २० ची आहे आणि नवीन २८ ची, हे शेजारी-शेजारी दिसलं की ३२ चा हट्ट बऱ्याचदा आपोआप मावळतो. तरी शंका राहिलीच तर मोकळ्या जागेत जमिनीवर चिकटपट्टी लावून ७ × ४ मीटरचा चौकोन आखा, मग एक बाजू ८ मीटर करा, आणि सगळ्यांना त्यात उभं राहू द्या.

प्लॅन वाचता न येणं अगदी सामान्य आहे, आणि ते कोणी कबूल करत नाही. मान डोलावली जाते, प्रश्न येत नाहीत, हीच त्याची खूण. म्हणून प्रत्येक पर्यायाचा एक सेक्शन १:५० मध्ये काढा, म्हणजे घर उभं कापल्यासारखं दिसेल. त्यात माणसं उभी दाखवा. या स्केलला मोठं माणूस साधारण साडेतीन सेंटीमीटरचं दिसतं. दोन मजल्यांमधली उंची ३.०६ मीटर आणि एक पायरी १७ सेंमीची असेल तर १८ पायऱ्या होतात. त्या अठराच्या अठरा पायऱ्या काढा. आजींनी त्या मोजल्या की पहिला पर्याय त्यांना नेमका कळतो.

आतलं एखादं दृश्य काढायचं तर डोळ्याची पातळी उभ्या माणसाची, म्हणजे दीड मीटरच्या आसपास धरा. वरून बघितलेली चित्रं आकर्षक असतात, पण त्या उंचीवरून घरात कोणी कधी बघत नाही. आजींच्या खोलीचं चित्र मी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून, सव्वा मीटरच्या आसपासच्या पातळीवरून काढतो. खिडकीची खालची कड त्यामुळे किती खाली हवी ते लगेच दिसतं.

मॉडेल पांढऱ्या किंवा खाकी पुठ्ठ्याचं, रंगाविना, १:१०० चं पुरे. छप्पर उचललं की वरचा मजला, तो उचलला की खालचा. ते टेबलाच्या मध्यावर ठेवा. लहान मुलं ते पहिल्यांदा उचलतात आणि मोठ्यांना त्यातूनच घर समजायला लागतं.

## ४. बैठकीचा क्रम

बैठक दोन तासांची धरा आणि निर्णयात ज्यांचा वाटा आहे ते सगळे असतील तेव्हाच घ्या. एक जण जरी गैरहजर असेल तर तुमची मांडणी त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या शब्दांत पोहोचते, आणि पुढच्या वेळी तुम्हाला त्या शब्दांना उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात त्यांच्याच यादीने करा. ‘तुम्ही हे मागितलं होतं, बरोबर ना?’ यादी मोठ्याने वाचली की बहुतेक वेळा काहीतरी बदलतं. मग तुटीचा आकडा. मग तिन्ही प्लॅन एकदम मांडा, एकामागून एक नाही. एकामागून एक दाखवले तर पहिल्याची सवय होते आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहिले जातात. प्रत्येक पर्याय दोन-तीन वाक्यांत सांगा: काय मिळतं, काय सुटतं. मग काही मिनिटं गप्प बसा. नव्या माणसाला हे सगळ्यात कठीण जातं, कारण शांतता म्हणजे नापसंती असं वाटून तो समर्थन करायला लागतो. त्यांना बघू द्या.

त्यानंतर ‘आवडलं का?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान आहे’ हेच येतं. त्याऐवजी प्लॅनवर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन द्या आणि सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतची आपली वाट काढायला सांगा. आजींनाही पेन द्या. तिसऱ्या पर्यायात चार रंग एकाच बाथरूमच्या दाराशी गोळा होतात, ते तुम्हाला बोलून दाखवावं लागत नाही. दुसऱ्या पर्यायात आजींची रेघ खोलीतून अंगणात आणि तिथून स्वयंपाकघरात मोकळी जाते. पण बाबांचं कामाचं टेबल सगळ्यांच्या रेघांच्या मधोमध येतं.

पती-पत्नींचं एकमत होत नसेल तर पंच होऊ नका. ‘तुम्हाला कामाला शांत जागा हवी आहे आणि तुम्हाला सगळं एका पातळीवर हवं आहे’ असं दोन्ही गरजा शब्दांत मांडा आणि कागदावर आणा. भांडण पर्यायावरून दिसतं, पण मुळाशी गरज असते, आणि गरजेला कधी कधी चौथी जागा सापडते. या घरात ती आजींच्या खोलीशेजारच्या साठवणीच्या खोलीत सापडू शकते: तिचे ५ चौरस मीटर काढून खिडकी दिली की दार लावता येईल अशी छोटी कामाची खोली होते, आणि साठवण स्वयंपाकघराच्या भिंतीभर उंच कपाटांत जाते.

## ५. खर्च पट्टीवर दाखवा

आकड्यांचा तक्ता समोर ठेवला की घरातला एकच माणूस तो वाचतो आणि बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. मी कागदी पट्ट्या कापतो. एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. पूर्ण बजेटची पट्टी २० सेंमी. तिच्यावर २ सेंमीचा तुकडा अनपेक्षित खर्चाचा, ३ सेंमीचा फी, परवानग्या आणि जोडण्यांचा, आणि उरलेली १५ सेंमी बांधकामाची.

आता प्रत्येक पर्यायाची पट्टी त्या १५ सेंमीखाली ठेवा. पहिला नेमका बसतो. दुसरा कामाच्या खोलीसकट १६.४, म्हणजे जवळपास दीड सेंमी बाहेर डोकावतो. तिसरा १३.८ वर संपतो, आणि वेगळ्या रंगाचा ६.२ चा तुकडा ‘नंतर’ म्हणून बाजूला पडलेला असतो.

त्यासोबत छोट्या चिठ्ठ्या ठेवा, त्याच मापाने कापलेल्या. पहिल्या पर्यायात पाहुण्यांची खोली परत हवी? १२ × १.३५, म्हणजे १६ मिमीची चिठ्ठी. बैठक ३२ ची हवी? ५ मिमी. तिसरं बाथरूम? क्षेत्राच्या हिशेबाने ६ होतात, पण बाथरूमचा चौरस मीटर झोपायच्या खोलीपेक्षा नेहमीच महाग, कारण त्यात पाइप, वॉटरप्रूफिंग, भिंतीवरच्या टाइल्स आणि नळ येतात. मी ९ मिमी धरतो. चांगल्या प्रतीची फरशी, मोठ्या सरकत्या काचा, यांच्याही चिठ्ठ्या करा. नियम एकच: एक चिठ्ठी आत येते तेव्हा दुसरी काहीतरी बाहेर जाते, किंवा पट्टी बजेटबाहेर जाते आणि ती कुठून भरायची ते घरच्यांनी सांगायचं. अनपेक्षित खर्चाच्या २ सेंमीला हात लावू देऊ नका. ‘हे आहेतच की शिल्लक’ असं कोणीतरी म्हणतंच. पाया खणताना जे निघतं ते त्यातूनच भागवायचं असतं.

या टप्प्यावरचा अंदाज वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो, हेही त्याच वेळी सांगा. पट्टीचं टोक पेन्सिलीने आडव्या रेषांनी पुसट करून ठेवलं की ते दिसतंही. पण एक गोष्ट लक्षात आणून द्या: दर वाढला तर तो तिन्ही पर्यायांना जवळपास सारखाच वाढतो. म्हणून एकूण आकड्यावर आत्ता फार विसंबू नये. पर्यायांमधला फरक मात्र बऱ्यापैकी टिकतो आणि निवड त्याच्या आधारावर करता येते.

## ६. ‘यातलं हे, त्यातलं ते’ आलं की

प्रत्येक बैठकीत हे वाक्य येतं: दुमजली घर चांगलंच आहे, फक्त त्यात ते अंगण घाला. लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. कोणत्या गोष्टी एका पर्यायातून दुसऱ्यात सहज जातात आणि कोणत्या पर्यायाच्या हाडात असतात, हे तिथेच उलगडून दाखवा.

आजींच्या खोलीची बुटकी खिडकी कुठेही जाते. अंगण जात नाही. पहिल्या पर्यायाचा एक मजला ७.५ × १० मीटरचा आहे, बाहेरच्या भिंतीची लांबी ३५ मीटर. त्याच्या पोटात ४ × ५ मीटरचं अंगण घातलं तर तेवढीच जागा आत राखण्यासाठी बाहेरचा चौकोन ९.५ × १० होतो. बाहेरची भिंत ३९ आणि अंगणाभोवतीची १८, मिळून ५७ मीटर. म्हणजे प्रत्येक मजल्यावर दीडपटीहून जास्त बाहेरची भिंत, आणि तिच्यासोबत खिडक्या, प्लास्टर, पावसाचं पाणी काढायची सोय. खोल्या तेवढ्याच. ही बेरीज त्यांच्यासमोर मोजपट्टी लावून करा. मग विचारा, अंगणातलं नेमकं काय हवं आहे. उजेड हवा असेल तर तो जिन्याच्या डोक्यावरच्या खिडकीतून खाली आणता येतो. आजींना बाहेर बसायची जागा हवी असेल तर त्यांच्या खोलीबाहेर, प्लॉटच्या मोकळ्या भागाकडे एक छत असलेला ओटा पुरतो.

## ७. तिथेच होकार घेऊ नका

बैठक संपताना निवड झालेली नसली तरी चालेल. कागद, पट्ट्या, चिठ्ठ्या, मॉडेल, सगळं त्यांच्याकडे आठवडाभर ठेवा. जे माणूस बैठकीत बोललं नाही ते घरात बोलतं, आणि नंतर फिरणारे निर्णय बहुधा त्याच माणसाला विचारलेलं नसल्यामुळे फिरतात. उत्साहाच्या भरात मिळालेला होकार आठवडाभराने तसाच राहिला तर तो पक्का.

दोन दिवसांत एक पानाची नोंद पाठवा. तीन भाग करा: काय ठरलं, काय सोडलं, काय बाकी आहे. ‘सोडलं’ हा भाग बरेच जण लिहीत नाहीत, आणि पुढचे वाद नेमके तिथूनच निघतात. ‘पाहुण्यांची खोली नाही, बैठकीत झोपायची सोय होणारा दिवाण’ असं स्पष्ट लिहा. त्याखाली कोणती गोष्ट कधीपर्यंत बदलता येईल तेही लिहा. जिन्याची जागा, एकाखाली एक येणारी बाथरूम, आजींची खोली, कॉलमच्या रेषा या पुढच्या टप्प्याचे आराखडे सुरू झाले की बदलणं महाग पडतं. खिडक्यांची मापं, फरशी, रंग यांना अजून वेळ आहे. लोक याच्या नेमकं उलट वागतात, फरशी आधी ठरवतात आणि जिना शेवटी हलवायला सांगतात, म्हणून हे लेखी हवं.

नोंदीवर घरातल्या निर्णय घेणाऱ्या सगळ्यांचा लेखी होकार आला की निवडलेल्या एका पर्यायाचा सविस्तर अंदाज काढायला घ्या: पाया, काँक्रीट, भिंती, दारं-खिडक्या, प्लंबिंग, वीज, फिनिशिंग असा बाबवार. तो हातात येईपर्यंत कुटुंबाने कर्जाची रक्कम ठरवू नये, काही विकू नये आणि कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, हे नोंदीच्या शेवटच्या ओळीत लिहा आणि फोन करूनही सांगा.